फतव्याचा कागद हातात आला की आधी वरचा प्रश्न वाचा

“माझे अब्बा दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यानंतर आठ महिन्यांनी दादी, म्हणजे त्यांची आई गेली. आता अम्मी, दोन भाऊ आणि मी. घर अब्बांच्या नावावर आहे. थोरल्या भावाने मुफ्तीसाहेबांकडून फतवा आणलाय, त्यात भावांना माझ्या दुप्पट. तो म्हणतो, निकाल लागला, तुझ्या हिश्शाचे पैसे घे आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही कर. फतवा मोडलास तर ईमान राहणार नाही. अब्बांनी मागच्या दोन खोल्यांची किल्ली मला देऊन ‘ह्या तुझ्या’ म्हटलं होतं. फतव्यात त्याचा उल्लेखही नाही. मला धर्माविरुद्ध जायचं नाही आणि भावाशी वैरही नको. फतवा म्हणजे कोर्टाचा निकालच असतो का?”
— फोंडा तालुक्यातली एक वाचक

ताई,

नाही, फतवा म्हणजे निकाल नव्हे. पण एवढ्यावर मी थांबले तर तुमच्या भावाला वाटेल की कायद्याच्या बाईने धर्म बाजूला सारला. म्हणून तुमच्याच धर्मशास्त्रातून सुरुवात करते. मुफ्ती आणि काझी यांच्यातला फरक भारताच्या कोर्टांनी शोधून काढलेला नाही. तो इस्लामी फिक्हच्या ग्रंथांत शेकडो वर्षांपासून मांडलेला आहे.

आधी तो कागद पुढ्यात घ्या. वकिलीच्या वर्षांत मी असे बरेच कागद पाहिले आहेत. वरच्या अर्ध्या भागात विचारणाऱ्याचा प्रश्न असतो. त्याला इस्तिफ्ता म्हणतात. खाली उत्तर असतं, शेवटी ‘वल्लाहु आलम’, म्हणजे ‘अल्लाहलाच अधिक ठाऊक’, आणि मग सही-शिक्का. कितीतरी ठिकाणी आधी शिकाऊ मुफ्ती उत्तर लिहितो, वरिष्ठ ते तपासतात आणि खाली ‘अल-जवाब सहीह’, म्हणजे उत्तर बरोबर आहे, असं लिहून सही करतात. तुमच्या कागदाच्या उत्तरात पहिल्याच ओळीत ‘सूरत-ए-मसऊला में’ किंवा ‘बशर्त-ए-सिहत-ए-सवाल’ असे शब्द दिसतात का पाहा. अर्थ असा, की विचारलेली हकीकत खरी असेल तर आमचं उत्तर हे. हे शब्द नसले तरी ती अट प्रत्येक फतव्यात धरलेलीच असते. हकीकत खरी की खोटी हे शोधायला मुफ्ती कुणाच्या घरी जात नाहीत, दुसऱ्या बाजूला बोलावत नाहीत, साक्षी घेत नाहीत. ते त्यांचं कामच नाही.

आता वरचा प्रश्न वाचा. भावांना दुप्पट एवढंच उत्तर तुमच्या पत्रात आहे. माझा अंदाज आहे की भावाने असं लिहिलं असणार: ‘एक व्यक्ती वारली. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. तरका कसा वाटावा?’ तरका म्हणजे मयताने मागे ठेवलेली मालमत्ता. या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. दफनाचा खर्च, कर्ज (त्यात अम्मीचा मेहेर देणं राहिला असेल तर तोही आला) आणि वसीयत असल्यास एक-तृतीयांशापर्यंत ती, एवढं वजा करायचं. उरलेल्यातून बायकोला आठवा हिस्सा आणि बाकीचं मुलांत, मुलाला मुलीच्या दुप्पट. हिशेबाला सोपं जावं म्हणून चाळीस भाग करतात: अम्मीला ५, प्रत्येक भावाला १४, तुम्हाला ७. हे सूरह निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीत आहे. इथे हनफी आणि शाफई या दोन मजहबांत, म्हणजे फिक्हच्या परंपरांत, मतभेद नाही. म्हणून दुसऱ्या मुफ्तींकडे जाऊन ‘मुलीला बरोबरीचं’ असं उत्तर मिळेल या आशेवर राहू नका. ते मिळणार नाही आणि ती वाट धरून काही साधणारही नाही.

पण तुमच्या पत्रातली दादी कुठे गेली? अब्बा गेले त्या दिवशी त्या हयात होत्या. मयताला मुलंबाळं असली की त्याच्या आईला सहावा हिस्सा असतो, त्याच आयतीप्रमाणे. म्हणजे भाग चाळीस नव्हे, एकशेवीस धरायचे: अम्मीला १५, दादीला २०, प्रत्येक भावाला ३४, तुम्हाला १७. दादी नंतर वारल्या म्हणून त्यांचे २० भाग पुसले जात नाहीत. ते त्यांच्या वारसांकडे जातात. दादीला मागे दुसरा मुलगा, म्हणजे तुमचे एखादे चाचा असतील, तर तो हिस्सा त्यांच्याकडे आणि फुफी असल्यास त्यांच्याकडे जातो. मग नातवंडांना, म्हणजे तुम्हाला आणि भावांना, त्यातून काही येत नाही. वाटणी होण्याआधीच एक वारस मरण पावला की होणाऱ्या या हिशेबाला मुनासखा म्हणतात आणि मुफ्ती तो नेहमी करतात. फक्त तो मृत्यू त्यांना सांगावा लागतो. तुमचा हिस्सा इथे ४० पैकी ७, म्हणजे १२० पैकी २१, वरून १७ वर आला हे मला दिसतंय. तरी सांगते, कारण तुम्ही धर्माप्रमाणे काय ते विचारलंत. आणि भावाच्या कागदावरचं गणित बरोबर असूनही तो कागद तुमच्या घराला कसा लागू पडत नाही, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

आता त्या दोन खोल्या. उत्तर पुस्तकातून उचलून दिलं असं इथे होत नाही, मुफ्तींना काम करावं लागतं. मी एकदा एका अशिलासोबत अशाच हिब्याच्या, म्हणजे हयातीत दिलेल्या बक्षिसाच्या, प्रश्नासाठी दारुल इफ्तात, म्हणजे मुफ्ती फतवे देतात त्या कचेरीत, बसले होते. बाईने आणलेला कागद मुफ्तीसाहेबांनी वाचला, पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, “‘दिलं’ म्हणजे काय केलं?” तिला वाटलं ते शंका घेताहेत. पण हनफी मताप्रमाणे हिबा नुसत्या बोलण्याने पुरा होत नाही, कबजा द्यावा लागतो. आणि कबजा म्हणजे देणाऱ्याने जागा रिकामी करून हाती देणं. त्यांनी विचारलं, किल्ली दिल्यावर खोलीत कुणाचं सामान होतं? देणारा तिथे झोपत होता का? मग, दिलं तेव्हा तो शेवटच्या आजारात होता का? मर्ज-उल-मौतमध्ये, म्हणजे ज्या आजारात माणूस गेला त्यात, वारसाला दिलेलं बक्षीस वसीयतीसारखं धरतात. ते बाकीच्या वारसांनी मान्य केलं तरच चालतं. आणि शेवटी, ‘तुम्ही हनफी की शाफई?’

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. कोकण किनाऱ्यावरची पुष्कळ जुनी मुसलमान घरं शाफई आहेत, तर बाहेरून आलेल्यांत हनफी बरेच. हनफींच्या मते, वाटून देता येण्यासारख्या घराचा ‘अर्धा भाग तुझा’ असा न वाटलेला हिस्सा दिला तर हिबा पुरा होत नाही. शाफईंच्या मते कबजा दिल्यावर होतो. तुमच्या बाबतीत ‘मागच्या दोन खोल्या’ असा वेगळा काढलेला भाग होता, म्हणून ही अडचण बहुधा येणार नाही. अडचण कबज्याची येईल: किल्ली मिळाली, पण खोलीत अब्बांची कपाटं आणि भाताचे कणगे तसेच होते का?

एवढं कळल्यावर मुफ्ती स्वतःच्या मनाने मत बनवत नाहीत. आपल्या मजहबच्या मान्य ग्रंथांत तो मसला शोधतात. इथल्या हनफी मुफ्तींच्या हाताशी बहुतेक वेळा दमास्कसच्या इब्न आबिदीनचा ग्रंथ असतो, ज्याला ते ‘शामी’ म्हणतात, आणि औरंगजेबाच्या काळात विद्वानांकडून करवून घेतलेला फतावा-ए-आलमगिरी. एकाच मसल्यावर इमामांची दोन-तीन मतं नोंदलेली असली, तर कुठल्या मताशेजारी ‘अलैहिल फतवा’, म्हणजे फतवा यावर दिला जातो, असं जुन्या जाणकारांनी लिहून ठेवलंय ते पाहतात. वजन करणं म्हणजे हे. मग ते मत तुमच्या हकीकतीला लावतात. म्हणून दोन प्रामाणिक मुफ्तींचे फतवे वेगळे येऊ शकतात, आणि त्यात कुणी धर्म बुडवला असं होत नाही.

समजा, भाऊ म्हणाला, ‘अब्बांनी किल्ली फक्त सांभाळायला दिली होती.’ मग? इथे मुफ्तींचं काम संपतं. ते फार तर असं लिहितील: बक्षीस म्हणून कबजा दिला असेल तर खोल्या मुलीच्या, नसेल तर तरक्यात. दोघांपैकी खरं कोण बोलतं हे ठरवायला काझी लागतो. काझी दोघांना समोर बोलावतो, दावा करणाऱ्याकडे पुरावा मागतो, पुरावा नसेल तर नाकारणाऱ्याला शपथ घालतो आणि मग हुकूम देतो. तो हुकूम त्या दोन माणसांवर, त्या एका घरापुरता बंधनकारक असतो. फतवा तशाच हकीकतीत सापडलेल्या कुणालाही सांगता येतो, पण बांधून कुणालाच ठेवत नाही. काझीने वादातल्या दोन मतांपैकी एकावर हुकूम दिला की त्या प्रकरणापुरता मतभेद मिटतो. मुफ्तींच्या उत्तराने तो मिटत नाही. याच फरकामुळे मुफ्ती स्वतःच्या मुलाच्या प्रश्नालाही फतवा देऊ शकतात, पण काझीला स्वतःच्या मुलाच्या बाजूने निकाल देता येत नाही.

तेराव्या शतकातला इजिप्तचा मालिकी विद्वान अल-कराफी याने या एकाच फरकावर पुस्तक लिहिलं. त्याने दिलेली उपमा मला आवडते: मुफ्ती हा दुभाष्यासारखा, ऐकलेलं विश्वासूपणे पोचवणारा. काझी हा नेमलेल्या प्रतिनिधीसारखा, ज्याच्या शब्दाने गोष्ट घडते.

या फरकाची चर्चा ज्या हदीसवर झाली ती तुम्ही ऐकली असेल. अबू सुफियानची बायको हिंद पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, नवरा कंजूष आहे, मला आणि मुलांना पुरेल एवढं देत नाही. उत्तर मिळालं, तुला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढं घे. पुढे फकीहांनी विचारलं, हा फतवा होता की निकाल? निकाल असेल तर तो हिंदपुरता, दुसऱ्या बाईला न्यायाधीशाकडे जावं लागेल. फतवा असेल तर तशा अडचणीतल्या प्रत्येक बाईला तो लागू. अबू सुफियान तेव्हा गावातच होता आणि त्याला बोलावून त्याची बाजू ऐकली नव्हती. निकाल असता तर ती ऐकली गेली असती, म्हणून अनेकांनी हा फतवा मानला. आता तुमच्या भावाच्या कागदाला हेच विचारून पाहा: अम्मीला, तुम्हाला, चाचांना कुणी बोलावलं होतं का? नाही. मग तो कागद फतवाच आहे, आणि त्याला निकालाचं वजन देणं हे फिक्हच्या हिशेबातही बसत नाही.

ईमानाची भीती तुम्हाला घालण्यात आली, त्याबद्दल मनापासून बोलते. फतव्याने हिस्से सांगितले. ‘बहिणीने अमुक किमतीला घरावरचा हक्क सोडावा’ असं त्यात कुठेच नसणार. एखाद्या वारसाने काही रक्कम किंवा वस्तू घेऊन बाकीच्या तरक्यातून बाहेर पडणं शरियतमध्ये आहे, त्याला तखारुज म्हणतात. पण तो करार आहे, खुशीचा. किंमत एका भावाने ठरवायची आणि दुसरीने ईमान जाईल या धाकाने सही करायची, याला खुशी म्हणत नाहीत. दुसऱ्या एका हदीसमध्ये पैगंबर म्हणतात की तुमच्यातला एखादा बाजू मांडण्यात हुशार असू शकतो, आणि मी ऐकलं त्यावरून त्याला भावाच्या हक्कातलं काही दिलं, तर मी त्याला आगीचा तुकडा तोडून दिला असं समजावं. न्यायाधीशाच्या निकालाबद्दल हे म्हटलंय. अर्धा प्रश्न विचारून मिळवलेल्या फतव्याने कुणाचा हक्क हलाल कसा होईल?

आता आपल्या गोव्याचं. देशात बाकी बहुतेक ठिकाणी मुसलमानांच्या वारशाला १९३७ चा शरियत कायदा लागतो. तो गोव्यात लागू नाही. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आणि वारशाचे नियम आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहेत, जो २०१६ पासून अमलात आहे. अम्मी-अब्बांचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर घराचा अर्धा भाग मुळात अम्मीचाच, वारसा म्हणून नव्हे तर जोडीदार म्हणून. अब्बांचा उरलेला अर्धा तीन मुलांत सारखा, प्रत्येकाला सहावा भाग. मुलं असल्यामुळे दादीला इथे काही नाही. तोंडी बक्षीसही इथे चालत नाही. घराचं बक्षीस नोंदलेल्या दस्ताने व्हावं लागतं. म्हणजे खोल्यांवरचा तुमचा दावा भावाच्या मनापुढे आणि मुफ्तींपुढे उभा राहू शकतो, दिवाणी न्यायाधीशापुढे नाही. हे आताच माहीत असू द्या.

इथला बांधणारा निकाल कसा येतो तेही थोडक्यात सांगते. एकमत असेल तर विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त होतो आणि मग वाटणीचा दस्त. नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी. त्यात घरातला एकजण प्रमुख म्हणून शपथेवर वारस आणि मालमत्ता सांगतो, सगळ्यांना नोटीस जाते, ज्याला हरकत आहे तो घेतो, किंमत ठरते आणि पटलं नाही तर वारसांच्या आपापसात बोली होते. शेवटी वाटणी-तक्त्यावर न्यायाधीशाची मोहर लागते आणि त्यावर अपीलही करता येतं. त्या कागदावर मामलेदार एक-चौदाच्या उताऱ्यावरची नावं बदलतो. फतव्याच्या कागदावर बदलणार नाही. विश्वलोचन मदान खटल्यात ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: फतवा हे मत आहे, ते कुणावर बंधनकारक नाही आणि धाकाने लादता येत नाही. दारुल कजालाही, म्हणजे समाजातल्या काझीच्या कचेरीलाही, न्यायालयाचा दर्जा नाही. फतवा विचारणं किंवा मनापासून पाळणं बेकायदा ठरवलेलं नाही, तेही लक्षात ठेवा.

म्हणून दोन वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत. कायद्याने तुमचा सहावा भाग तुमच्या नावावर झाल्यावर, शरियतच्या हिश्शाहून जास्त आलेलं आपल्याजवळ ठेवायचं नाही असं तुम्हाला वाटलं, तर तेवढं तुम्ही दस्ताने भावांना किंवा चाचांना देऊ शकता. असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. तो निर्णय तुमचा, तुमच्या हाताने आणि पूर्ण हिशेब समोर ठेवून. उलट क्रम, म्हणजे आधी हक्क सोडायचा आणि मग हिशेब करायचा, हा परत फिरवता येत नाही. म्हणून त्या हक्कसोडीवर आत्ता सही करू नका. तुमचं लग्न झालेलं असेल तर गोव्यात अशा दस्तावर नवऱ्याचीही सही मागतात, तेव्हा त्यांनाही हे सगळं वाचून दाखवा.

भावाशी वैर नको म्हणता, तर त्याला ‘तुझा फतवा चुकीचा’ असं म्हणू नका. म्हणा, “भाईजान, मुफ्तीसाहेबांकडे आपण सगळे मिळून पुन्हा जाऊ, प्रश्न पुरा लिहून.” अम्मीला सोबत घ्या. प्रश्न एका पानाचा, सगळ्यांच्या सह्यांचा. अब्बांच्या आणि दादीच्या मृत्यूच्या तारखा दाखल्यावरून उतरवा, त्या त्या दिवशी कोण कोण हयात होतं ते नात्यासह लिहा, चाचा-फुफींची नावं घाला. कर्ज किती, मेहेर दिला होता का, घराला कुणी पैसे घातले. खोल्यांबद्दल तुमचं म्हणणं आणि भावाचं म्हणणं वेगवेगळ्या ओळींत लिहा: किल्ली कोणत्या महिन्यात मिळाली, तेव्हा अब्बांची तब्येत कशी होती, सामान कुणाचं होतं. घर हनफी की शाफई तेही. आणि शेवटच्या ओळीत स्वतंत्र प्रश्न विचारा: बहिणीवर घरावरचा हक्क पैसे घेऊन सोडण्याची सक्ती आहे का? याचं उत्तर लेखी घ्या, आणि ते भावाने स्वतः अम्मीला वाचून दाखवावं.